फोन टीव्हीला जोडला जातो, पण टिकत नाही: वायरलेस कास्टिंग लावण्याचा आणि तुटणारं कनेक्शन शोधण्याचा क्रम

फोनवरचं चित्र टीव्हीवर घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण सेटिंग्ज उघडतात, टीव्हीचं नाव दिसलं की त्यावर बोट ठेवतात, आणि चित्र दिसलं की काम झालं असं समजतात. दहा मिनिटांनी चित्र अडकतं, मग गायब होतं. पुन्हा जोडायचं, पुन्हा तुटतं. मग राउटर बंद-चालू, फोन बंद-चालू, टीव्ही फॅक्टरी रीसेट, आणि शेवटी इंटरनेटचा जास्त वेगाचा प्लॅन. यातल्या शेवटच्या उपायाचा तर या दुखण्याशी जवळपास संबंधच नसतो. फोनच्या पडद्याचं चित्र घरातल्या घरात फिरतं, बाहेरच्या इंटरनेटवरून येत नाही. त्याला लागणारा वेग साधारण पाच ते वीस एमबीपीएस असतो, आणि एवढा वेग साधा राउटरही देतो. कमी पडतं ते सातत्य. मध्येच एक-दोन सेकंद हवेतला दुवा थांबला तरी सगळं कोसळतं.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिला टप्पा सोडून थेट दुरुस्तीकडे उडी मारणारे सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतात.

## टप्पा १: तुमचं चित्र कोणत्या वाटेने जातंय ते ओळखा

फोनवर ‘कास्ट’ नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात आणि तिन्हींचे बिघाड वेगळे असतात.

पहिली वाट, ॲपमधून कास्ट. व्हिडिओच्या ॲपमधलं कास्टचं चिन्ह दाबलं की फोन टीव्हीला फक्त सांगतो, ‘हा व्हिडिओ लाव’. टीव्ही किंवा टीव्हीला खोचलेलं कास्टचं छोटं डोंगल तो व्हिडिओ स्वतः इंटरनेटवरून घेतं. फोन तेवढ्यापुरता रिमोट असतो.

दुसरी वाट, राउटरमार्गे मिररिंग. फोन आपला पूर्ण पडदा सतत व्हिडिओत बदलतो आणि राउटरच्या हाती देतो, राउटर तो टीव्हीला देतो. गुगल होम ॲपमधून पूर्ण स्क्रीन कास्ट केली की हीच वाट असते, आणि आयफोनवरून एअरप्लेने स्क्रीन मिररिंग केल्यावरही सहसा हीच.

तिसरी वाट, मिराकास्ट. यात राउटर मध्ये नसतोच. फोन आणि टीव्ही वायफाय डायरेक्टने आपसात खाजगी जोडणी करतात. सॅमसंगच्या फोनवरचं `Smart View` आणि इतर अनेक अँड्रॉइड फोनवरचा वायरलेस डिस्प्ले प्रामुख्याने याच तंत्रावर चालतो. आयफोनमध्ये मिराकास्ट नाही. गुगलच्या पिक्सेल फोनमध्येही नाही, ते गुगल कास्टवरच चालतात. त्यामुळे ‘शेजारच्या फोनवरून होतं, माझ्यावरून टीव्ही दिसतच नाही’ या तक्रारीत बऱ्याचदा दोन्ही उपकरणं ठणठणीत असतात, फक्त त्यांची भाषा जुळत नसते.

नावावरून ओळखण्यापेक्षा प्रयोग करून ओळखलेलं बरं. टीव्हीवर काहीतरी चालू करा आणि फोन एरोप्लेन मोडवर टाका. टीव्हीवरचा व्हिडिओ पुढे चालूच राहिला तर तुम्ही पहिल्या वाटेवर आहात. चित्र थांबलं तर मिररिंग आहे. मग एरोप्लेन मोड काढा, पुन्हा मिररिंग लावा आणि या वेळी राउटरची वीज बंद करा. चित्र टिकलं तर मिराकास्ट, गेलं तर राउटरमार्गे.

तपासणी: पुढे जाण्याआधी कागदावर लिहा: माझी वाट पहिली, दुसरी की तिसरी. टप्पा ६ आणि ७ यांपैकी कोणता वाचायचा ते यावर ठरेल.

इशारा: आवाज येतोय पण चित्र काळं आहे, किंवा एका ठरावीक ॲपमध्येच पडदा काळा होतो, तर ते कनेक्शन तुटणं नव्हे. पैसे भरून पाहायच्या व्हिडिओ ॲपमध्ये नक्कलरोधक संरक्षण असतं आणि ते मिररिंगला मुद्दाम अडवतं. बँकेच्या ॲपचंही तसंच. यावर नेटवर्कचा कोणताही उपाय चालत नाही. त्या ॲपचं स्वतःचं कास्टचं चिन्ह असेल तर ते वापरा, नसेल तर तेच ॲप टीव्हीवर उघडा.

इथेच एक सरळ सल्ला देऊन टाकतो. तुम्हाला फक्त व्हिडिओ पाहायचा असेल आणि ॲपमध्ये कास्टचं चिन्ह असेल, तर मिररिंगच्या वाटेला जाऊच नका. पहिल्या वाटेत टीव्ही व्हिडिओचा पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो, म्हणून मधले दोन-तीन सेकंदांचे खंड पाहणाऱ्याला कळतही नाहीत. मिररिंगमध्ये असा साठा जवळपास नसतो, कारण तुम्ही बोट फिरवल्यावर टीव्हीवर लगेच हललेलं दिसायला हवं. म्हणजे ज्या घरात पहिली वाट निर्धोक चालते त्याच घरात दुसरी वाट रडत चालू शकते. ‘व्हिडिओ तर नीट चालतात, मग नेटवर्क चांगलंच आहे’ हा निष्कर्ष म्हणूनच फसवा आहे.

## टप्पा २: जोडण्याआधीची तयारी

एकच नेटवर्क. फोन आणि टीव्ही एकाच राउटरच्या मुख्य नेटवर्कवर हवेत. गेस्ट नेटवर्कवर असलेल्या उपकरणांना राउटर एकमेकांशी बोलू देत नाही. त्याचं कामच ते आहे. काही राउटरमध्ये मुख्य नेटवर्कवरही `AP Isolation` किंवा `Client Isolation` नावाची खूण चालू असते, ती काढा. फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आणि टीव्ही २.४ च्या पट्ट्यावर असला तरी सहसा चालतं, कारण दोन्ही पट्टे एकाच घरगुती नेटवर्कचे भाग असतात. नावं वेगळी दिसली म्हणून नेटवर्क वेगळं होत नाही.

व्हीपीएन बंद. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर घरातल्या टीव्हीसाठी निघालेली माहितीही बाहेरच्या सर्व्हरकडे जाऊ शकते. मग टीव्ही यादीत येत नाही, किंवा आलेला टीव्ही मध्येच नाहीसा होतो. जाहिराती अडवणारी काही ॲपही आतून व्हीपीएनच वापरतात, त्यांच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. पडद्याच्या वरच्या कडेला किल्लीचं किंवा ‘व्हीपीएन’ असं चिन्ह दिसतंय का बघा.

परवानग्या. आयफोनवर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात `Local Network` नावाची यादी असते. कास्ट करणारं ॲप तिथे चालू असायला हवं. अँड्रॉइडवर `Nearby devices` ही परवानगी पाहा. पहिल्यांदा विचारल्यावर ‘नको’ दाबलेलं असतं आणि नंतर कुणालाच आठवत नाही.

वीजबचत. फोनचा बॅटरी सेव्हर बंद करा. गुगल होम आणि गुगल प्ले सर्व्हिसेस या दोन्हींचं बॅटरी ऑप्टिमायझेशनही काढा. काही कंपन्यांचे फोन मागे चालणारी ॲप फार निर्दयपणे मारतात, आणि कास्ट सांभाळणारी सेवा त्यातच जाते.

स्क्रीन लॉकची वेळ. पडदा आपोआप बंद होण्याची वेळ दहा मिनिटं किंवा जास्तीत जास्त जेवढी असेल तेवढी करा. अनेक फोनवर लॉक झालं की मिररिंग थांबतं, आणि अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत तर हे सुरक्षेसाठी जाणूनबुजून केलेलं आहे.

मोबाइल डेटावर उडी मारण्याची सोय. वायफाय कमकुवत वाटलं की स्वतःहून मोबाइल डेटा वापरणारी सेटिंग जवळपास प्रत्येक फोनमध्ये असते, प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने. ती बंद करा. राउटरचं बाहेरचं इंटरनेट क्षणभर अडखळलं तरी फोन वायफाय सोडून देऊ शकतो. घरातला दुवा धडधाकट असूनही कास्ट मग तुटतो.

तपासणी: टीव्हीच्या नेटवर्क माहितीत त्याचा आयपी पत्ता पाहा, फोनच्या वायफाय तपशिलात फोनचा पाहा. घरगुती राउटरवर पहिले तीन आकडे सहसा सारखे असतात, उदाहरणार्थ दोन्ही `192.168.1.` ने सुरू होणारे. ते वेगळे असतील तर दोन उपकरणं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत. बहुतेक वेळा एका राउटरच्या मागे दुसरा राउटर लावलेला असतो आणि दोघेही स्वतःला मालक समजत असतात. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल, मगच पुढे जा.

## टप्पा ३: जोडण्याचा क्रम

१. आधी टीव्ही चालू करा आणि तो पूर्ण सुरू होऊ द्या. टीव्हीचा पडदा उजळतो तेव्हा त्याचं वायफाय जोडलेलं असतंच असं नाही, म्हणून साधारण एक मिनिट थांबा.

२. फोनचं वायफाय बंद करून पुन्हा चालू करा. फोन आता टीव्ही ज्या नेटवर्कवर आहे त्याच नेटवर्कवर आहे ना, हे पाहा.

३. ब्लूटूथचे हेडफोन जोडलेले असतील तर पहिल्या चाचणीपुरते काढा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, आणि फोनचं वायफायही तिथेच असेल तर दोघांना वेळ वाटून घ्यावा लागतो.

४. आता टीव्ही निवडा. टीव्हीवर परवानगीचा प्रश्न किंवा आकडा आला तर तिथेच उत्तर द्या, आणि ‘नेहमी परवानगी’ असा पर्याय असेल तर तो घ्या. अनेक टीव्हींमध्ये एकदा नाकारलेला फोन ‘नाकारलेल्या उपकरणां’च्या यादीत बसतो आणि नंतर जोडलाच जात नाही. ती यादी टीव्हीच्या बाह्य उपकरणांच्या सेटिंग्जमध्ये सापडते.

५. जोडल्यावर लगेच व्हिडिओ लावू नका. फोनवर फोटो उघडा आणि दोन मिनिटं डावी-उजवीकडे सरकवत राहा. स्थिर चित्रांवरही कनेक्शन तुटत असेल तर दोष वेगाचा नाही, आणि एवढ्या एका गोष्टीने अर्धी शोधाशोध वाचते.

इशारा: टीव्ही यादीत दिसत नाही म्हणून फॅक्टरी रीसेट करू नका. टीव्ही शोधण्यासाठी फोन नेटवर्कभर एक हाळी देतो आणि टीव्ही तिला उत्तर देतो. ही हाळी राउटरने अडवली तर टीव्ही कितीही वेळा रीसेट केला तरी दिसणार नाही.

## टप्पा ४: तुटायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा

माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतला हा सगळ्यात कामाचा टप्पा, आणि जवळपास कुणीच करत नाही तो हाच. तीन-चार वेळा जोडा, घड्याळ लावा, आणि दर वेळी कनेक्शन कधी गेलं ते लिहा. त्या वेळांतच कारणाचा माग असतो.

जोडल्यावर काही सेकंदांतच जातं आणि दर वेळी तसंच होतं, तर बोलणी पूर्ण होत नाहीयेत. व्हीपीएन, नाकारलेली परवानगी किंवा मिराकास्टमध्ये दोघांचं न जुळणं, यांपैकी काहीतरी असतं.

दर वेळी नेमकं तेवढ्याच वेळाने जातं, म्हणजे तीस सेकंद, दोन मिनिटं किंवा पाच मिनिटं, तर ते नेटवर्क नाहीच. कुठेतरी लावलेला टायमर आहे. पडदा बंद होण्याची वेळ आणि बॅटरी सेव्हर आधी पाहा.

सुरुवातीला नीट चालतं आणि पंधरा-वीस मिनिटांनंतर अडखळायला लागतं, तर फोनला हात लावून बघा. मिररिंग करताना फोन सतत व्हिडिओ बनवत असतो, त्यातच चार्जिंग चालू असेल तर तो तापतो, आणि तापला की स्वतःची गती कमी करतो. जाड कव्हर काढा, चार्जर काढा, पडद्याचा उजेड कमी करा.

राउटर नुकताच चालू केला की टीव्ही यादीत दिसतो, काही वेळाने नाहीसा होतो, आणि पुन्हा राउटर बंद-चालू केल्यावर परत येतो: हा नमुना दिसला तर राउटरमधल्या `IGMP Snooping` या सोयीवर संशय घ्या. वर सांगितलेली हाळी कुणाकुणाला पोहोचवायची याची यादी ही सोय ठेवते. काही राउटर ती यादी नीट ताजी ठेवत नाहीत आणि टीव्ही त्यातून गळतो. ती सोय बंद करून दिवसभर पाहा.

आणि वेळेला काहीच धरबंध नाही, कधी दोन मिनिटं, कधी चाळीस, तर गडबड हवेत आहे. पुढचा टप्पा त्यासाठीच.

## टप्पा ५: वाटेचा कोणता तुकडा कच्चा आहे ते मोजा

राउटरमार्गे जाणाऱ्या मिररिंगमध्ये हवेतले दोन तुकडे असतात: फोन ते राउटर आणि राउटर ते टीव्ही. लोक फोनवरच्या वायफायच्या रेघा बघून समाधान मानतात, पण त्या फक्त पहिल्या तुकड्याबद्दल सांगतात. दुसरा तुकडा बहुतेक वेळा जास्त कच्चा असतो, कारण टीव्हीचा अँटेना धातूच्या मोठ्या पत्र्यामागे, भिंतीला टेकून बसलेला असतो.

मोजायचं ते पिंगने, म्हणजे एखाद्या उपकरणाला छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहून. त्यासाठी फोनवर टर्मक्ससारखं टर्मिनलचं ॲप किंवा पिंग करणारं कोणतंही साधं ॲप चालेल. मिररिंग चालू असतानाच मोजा. रिकामा बसलेला टीव्ही वीज वाचवण्यासाठी उत्तरं उशिरा देतो आणि उगाच संशय येतो. खालचे पत्ते तुमच्या घरच्याप्रमाणे बदला. पहिला राउटरचा, दुसरा टीव्हीचा.

```
ping -c 100 192.168.1.1
ping -c 100 192.168.1.23
```

राउटरला पाठवलेल्या पिंगने पहिला तुकडा मोजला जातो, टीव्हीला पाठवलेल्या पिंगने दोन्ही. त्यामुळे पहिली मोजणी चांगली आणि दुसरी वाईट आली तर दोष टीव्हीच्या बाजूला. दोन्ही वाईट आल्या तर आधी फोनची बाजू सुधारा. सरासरीकडे फारसं पाहू नका. सगळ्यात मोठा आकडा किती आला आणि शंभरातली किती उत्तरं आलीच नाहीत, हे पाहा. सरासरी वीस मिलिसेकंद असूनही मध्येच एकदा दीड हजार आला तर मिररिंगला धक्का बसण्यासाठी तेवढं पुरतं. फोन आणि टीव्ही दर काही सेकंदांनी एकमेकांना ‘आहेस ना?’ असं विचारत असतात, आणि सलग काही वेळा उत्तर आलं नाही की जोडणी सोडून देतात. काही टीव्ही पिंगला उत्तर देतच नाहीत. शंभरपैकी शंभर गहाळ आणि तरी चित्र चालू, असं दिसलं तर ही मोजणी त्या टीव्हीसाठी सोडून द्या.

### एक उदाहरण, पायरीपायरीने

समजा, टीव्हीच्या मागच्या एचडीएमआय पोर्टमध्ये कास्टचं डोंगल खोचलेलं आहे, त्याला वीज टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून दिली आहे, आणि राउटर शेजारच्या खोलीत आहे. मिररिंग कधी चार मिनिटांत तुटतं, कधी अर्ध्या तासात. राउटरला पिंग केलं तर सगळी उत्तरं तीन ते बारा मिलिसेकंदांत येतात, एकही गहाळ नाही. डोंगलला पिंग केलं तर बहुतेक उत्तरं दहाच्या आसपास, पण सात गहाळ आणि काही हजाराच्या वर. म्हणजे फोन बरा आहे, डोंगलची बाजू कच्ची आहे.

इथे वीज, डोंगलची जागा, वायफायचा पट्टा आणि राउटरचं अंतर असे चार संशयित एकदम समोर येतात आणि चारही एकदम बदलण्याचा मोह होतो. तसं केलं तर बरं होईलही, पण कशामुळे ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणून एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीच मोजणी.

पहिला बदल विजेचा, कारण तो फुकट आहे. टीव्हीच्या साध्या यूएसबी पोर्टमधून अर्धा अँपिअर मिळतो. काही डोंगलना तेवढा पुरत नाही, आणि काम वाढलं की ती मध्येच रीस्टार्ट होतात. डोंगल त्याच्या मूळ अडॅप्टरवर लावल्यावर, समजा, गहाळ उत्तरं सातवरून पाचवर आली. फरक पडला, पण मुख्य दोष हा नव्हता. दुसरा बदल जागेचा: एचडीएमआयचा आखूड एक्स्टेंडर लावून डोंगल टीव्हीच्या कडेच्या बाहेर आणलं. आता गहाळ एक, आणि सगळ्यात मोठा आकडा दोनशेच्या आत. दोष पत्र्यामागच्या जागेत होता. तिसरा बदल, डोंगल २.४ वरून ५ गिगाहर्ट्झवर नेणं. त्याने गहाळ उत्तरं शून्यावर आली. आता अर्धा तास मिररिंग लावून घड्याळ बघायचं, तोवर चौथ्या संशयिताला हात लावायचा नाही.

## टप्पा ६: राउटरमार्गे मिररिंगची दुरुस्ती

शक्य असेल तर टीव्हीला वायर द्या. या लेखातला हा एकच उपाय करायची तयारी असेल तर हाच करा. फोन आणि टीव्ही दोघेही एकाच वायफाय पट्ट्यावर असले की चित्राचा प्रत्येक भाग हवेतून दोनदा जातो, एकदा फोनकडून राउटरला आणि पुन्हा राउटरकडून टीव्हीला. हवा मात्र एका वेळी एकालाच बोलू देते. टीव्हीला इथरनेटची वायर लावली की हवेतली अर्धी गर्दी आणि सगळ्यात कच्चा तुकडा, दोन्ही एका फटक्यात जातात. बऱ्याच टीव्हींचा इथरनेट पोर्ट शंभर एमबीपीएसचाच असतो. त्यावरून नाक मुरडू नका, मिररिंगला तो कितीतरी पटींनी पुरतो.

वायर नसेल तर ५ गिगाहर्ट्झ, पण चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली क्रमांक दिलेली जागा, बघून. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. त्या चॅनेलवर रडारसारखं काही ऐकू आलं तर राउटरला ती जागा ताबडतोब सोडावीच लागते, आणि त्याच प्रकारच्या दुसऱ्या चॅनेलवर जाण्याआधी किमान एक मिनिट कान देऊन थांबावं लागतं. पाहणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की सगळं छान चालू असताना वायफाय अचानक गेलं आणि आपोआप परत आलं. राउटरमध्ये चॅनेल ‘ऑटो’वर न ठेवता ३६ ते ४८ पैकी एक निवडा, किंवा तुमच्याकडे दिसत असतील तर १४९ ते १६१ पैकी. रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवा. १६० केलीत तर ३६ निवडूनही पट्टा ६४ पर्यंत पसरतो, म्हणजे पुन्हा रडारच्या हद्दीत.

२.४ वरच राहावं लागलं तर रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६ किंवा ११. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण याच पट्ट्यात गळती करतो, त्यामुळे जेवण गरम करताना चित्र जातं ही तक्रार खरी असते. यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये लावलेली हार्ड डिस्कही २.४ मध्ये गोंगाट करते. ती टीव्हीमागे डोंगलच्या शेजारी असेल तर लांब करा.

पट्टे एकाच नावाखाली असतील तर चाचणीपुरते वेगळे करा. राउटर फोनला मध्येच ५ वरून २.४ वर ढकलतो, त्या क्षणभराच्या खंडात मिररिंग तुटतं. मेश राउटर, म्हणजे घरभर ठेवलेले एकाच नेटवर्कचे अनेक डबे, असेल तर तेच वेगळ्या रूपात घडतं: फोन हातात घेऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की तो दुसऱ्या डब्याला चिकटतो. मिररिंग चालू असताना फोन एका जागी ठेवणं हा उपाय ऐकायला बावळट वाटतो, पण चालतो.

तपासणी: प्रत्येक बदलानंतर टप्पा ५ ची दुसरी मोजणी पुन्हा करा. गहाळ उत्तरं शून्य किंवा एक, आणि सगळ्यात मोठा आकडा दोन-तीनशेच्या आत आला की थांबा.

## टप्पा ७: मिराकास्टची दुरुस्ती

मिराकास्टला राउटर लागत नाही हे ऐकून अनेकांना वाटतं की मग राउटरचा त्रासही नसणार. प्रत्यक्षात उलटं होतं. बऱ्याच फोनमध्ये वायफायचा रेडिओ एका वेळी एकाच चॅनेलवर असू शकतो. फोन राउटरला एका चॅनेलवर आणि टीव्हीला दुसऱ्या चॅनेलवर जोडलेला असेल, तर त्या रेडिओला सेकंदात कितीतरी वेळा इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात. एकाच माणसाने दोन खोल्यांतल्या लोकांशी आलटून पालटून बोलावं, तसं. त्यात राउटरवरून एखादं ॲप अपडेट उतरायला लागलं की टीव्हीच्या वाट्याला वेळच उरत नाही.

याची खातरजमा सोपी आहे. मिराकास्ट जोडा, मग वायफाय चालू ठेवूनच फोन घरच्या राउटरपासून वेगळा करा, म्हणजे त्या नेटवर्कचं ‘डिस्कनेक्ट’ किंवा ‘फर्गेट’. वायफाय पूर्ण बंद करू नका, त्याने मिराकास्टही जाईल. इंटरनेट लागलंच तर मोबाइल डेटा वापरा. आता कनेक्शन टिकलं तर दोष चॅनेलच्या ओढाताणीचा होता. कायमचा उपाय हवा असेल तर राउटरचं ५ गिगाहर्ट्झ वर सांगितलेल्या ३६ ते ४८ मध्ये आणा आणि फोन त्याच पट्ट्यावर ठेवा. पुष्कळदा फोन मग टीव्हीची जोडणीही त्याच चॅनेलवर करतो आणि उड्या थांबतात. टीव्हीचा रेडिओ फक्त २.४ वाला असेल तर फोनही चाचणीपुरता राउटरच्या २.४ वर टाका.

तरीही जोडताना अडत असेल तर जुनी ओळख पुसा. फोनच्या वायफाय डायरेक्टच्या यादीत `DIRECT-` ने सुरू होणाऱ्या जुन्या नोंदी असतात, त्या काढा, आणि टीव्हीच्या यादीतून तुमचा फोन काढा. एकाच बाजूची नोंद काढली तर दुसरी बाजू जुन्या किल्लीने दार उघडायला बघते आणि जोडणी अर्ध्यावर थांबते, म्हणून दोन्हीकडची काढा.

इशारा: टीव्हीचं वायफाय त्याच वेळी इंटरनेटसाठीही चालू असेल तर हीच ओढाताण टीव्हीच्या बाजूलाही असते. टीव्हीचं इंटरनेट वायरवर नेलं की मिराकास्ट सुधारतं. वायर आणि मिराकास्टचा काय संबंध, असं वाटतं. संबंध एवढाच की टीव्हीचा रेडिओ मोकळा होतो.

## जिथे हे सगळं करूनही हाती काही लागणार नाही

मिररिंगमध्ये थोडा उशीर राहतोच. फोनने चित्र दाबून बारीक करायचं, पाठवायचं आणि टीव्हीने ते उलगडायचं, याला वेळ लागतो. चटकन बोट मारायच्या खेळांसाठी तो उशीर जाचक आहे आणि राउटरच्या सेटिंग्ज बदलून नाहीसा होत नाही. टीव्हीचा गेम मोड लावून थोडा कमी होतो, बस.

शेकडो वायफाय एकमेकांवर चढलेल्या इमारतीत टीव्ही आणि फोन दोघेही २.४ वरच चालणारे असतील, तर चॅनेल बदलण्यात संध्याकाळ घालवू नका. एक बाजू तरी वायरवर न्या. आणि पाहुण्यांसमोर सादरीकरण करायचं असेल, जिथे तुटून चालणारच नाही, तिथे यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल घ्या. त्याआधी तुमच्या फोनच्या तांत्रिक माहितीत यूएसबी-सीमधून डिस्प्लेपोर्ट निघतो असं लिहिलंय का ते पाहा. पुष्कळ फोनमध्ये भोक तेच असतं, पण त्यातून चित्र बाहेर येत नाही, आणि अशा फोनला कितीही महागाची केबल लावली तरी टीव्ही ‘सिग्नल नाही’ एवढंच सांगतो.